मार्चमध्ये आपोआप

८ सप्टेंबर २०२५, सोमवार. लाइपझिग

आजपासून शिस्त. फोनमध्ये रिमाइंडर लावला. नाव: घरी फोन. वेळ: संध्याकाळी ६.००. रिपीट: रोज. शेवटची तारीख: कधीच नाही. 'कधीच नाही'वर बोट टेकवताना फार बरं वाटलं.

इथले सहा म्हणजे घाटकोपरला साडेनऊ. आईची सिरियल संपलेली, भांडी घासून पालथी घातलेली, बाबा खुर्चीत. साडेतीन तासांचा फरक मला तोंडपाठ आहे. नोकरीच ती. कुठला ट्रक कुठल्या गोदामाच्या दाराला किती वाजता लागणार, हे मी ठरवते. दोन माणसांच्या फोनची वेळ लावणं म्हणजे डाव्या हाताचा मळ.

खरं कारण इथे लिहून ठेवते, ही वही कोणी वाचणार नाही. गणपतीला गावी येते म्हणून सांगितलं होतं. मग बाबांना म्हटलं, रजा मिळाली नाही. रजा मिळाली होती. मी रेवतीबरोबर (रूममेट, नाशिकची) तळ्याकाठी तंबू ठोकायला गेले आणि फोटो स्टेटसला टाकला. आईपासून लपवायचा राहिला. आई म्हणाली, फोटो बरो इलो. बाबा काहीच म्हणाले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि विषय संपला असता.

तर बाबांना सॉरी म्हणायचंय. आईकडे निरोप नाही, मेसेज नाही. तोंडाने. याच आठवड्यात.

९ सप्टेंबर, मंगळवार

बरोब्बर ६.०० ला वाजला. बाबांनी उचलला. रोजचा प्रश्न: पाणी इलां काय गो? बाबांनी तीस वर्षं महापालिकेत चावीवाला म्हणून काढली. रस्त्यातलं झाकण उचलायचं, लांब लोखंडी चावी आत घालायची, मोजून फेरे फिरवायचे की त्या गल्लीला पाणी. पहाटे साडेतीनला उठायचे. रिटायर झाले तरी साडेतीनलाच उठतात. इथे चोवीस तास पाणी असतं, असं मी रोज सांगते. त्यांचा रोज विश्वास बसत नाही.

चार मिनिटं बोललो. सॉरीचा विषय निघाला नाही. पहिल्याच दिवशी काय.

रिमाइंडरवर टिक केली. 'पूर्ण' असं आलं आणि उद्याचा तयार झाला. टिक नाही केली तर लाल होऊन बसतो. मला लाल झालेलं आवडत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

जर्मन क्लास सोडला. मंगळवारी सहालाच असतो. घरच्यांसाठी एवढं करायलाच हवं. रेवती म्हणाली, तू फोन पाच मिनिटं बोलतेस, क्लास दीड तासाचा आहे, उशिरा जा ना यार. तिला शिस्त कळत नाही.

आता संध्याकाळ अशी: साडेपाचला ऑफिस सुटतं, पावणेसहाला घरी, कुकर, सहाला फोन, सहा-दहाला टिक. सहा-दहानंतर काय, ते अजून ठरलेलं नाही. खिडकीत बसते.

बाबांनी आज स्वतःहून सांगितलं की असल्फ्याच्या टेकडीवरची नवी लाइन फुटली आणि त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या मुलाने त्यांना फोन करून विचारलं, कुठला व्हॉल्व्ह. खूश होते. अशा वेळी सॉरी म्हणून त्यांचा मूड कशाला घालवायचा?

१८ ऑक्टोबर, शनिवार

चाळीस दिवस, चाळीस टिका. मात्र काल मीटिंग लांबली तेव्हा आधी टिक केली आणि फोन नंतर. त्यानेही टिक होते. अ‍ॅपला काय, बोट लागलं की झालं.

सॉरी दिवाळीला. पाडव्याला आपोआप गोड वातावरण असतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा झाला. वातावरण इतकं गोड होतं की बोलवेना. बाबांनी विचारलं, फराळ पोचला काय? पोचला होता. चकल्यांचा भुगा झाला होता, तेही मी सांगितलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

इथे आज घड्याळं एक तास मागे गेली. सरकारने फुकट एक तास झोप दिली. झकास. फोन, लॅपटॉप आपोआप बदलले. भिंतीवरचं घड्याळ रेवतीने बदललं.

सहाला फोन केला. आई म्हणाली, आज उशीर गो? मी म्हटलं, उशीर कुठला, सहालाच केला. म्हणाली, इथे साडेदहा झाले. बाबा झोपलेत. उठवू? मी मोठ्या मनाने म्हटलं, नको, झोपू दे.

आईला समजावलं की इथे हिवाळ्यात घड्याळ मागे करतात. आई म्हणाली, घड्याळ मागे करून काळोख थांबता काय? मुद्दा बरोबर होता, पण मी जर्मनीची बाजू लावून धरली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसात गोंधळ. पुण्याच्या टीमबरोबरची रोजची दहाची मीटिंग नऊलाच सुरू झाली, मी घरी दात घासत होते. पुण्याचा चैतन्य म्हणाला, मीटिंग भारताच्या वेळेवर लावलेली आहे, दीडची दीडलाच आहे; तुमचं घड्याळ हललं मॅडम, आमचं नाही. त्याने कॅलेंडरमध्ये दाखवलंही. मीटिंग बनवताना टाइम झोन निवडता येतो, तिथे 'कोलकाता' लिहिलेलं. भारताची वेळ कोलकात्याच्या नावाने असते. म्हणून कॅलेंडरने आपल्यासाठी तास मागे घेतला. माझा रिमाइंडर मात्र इथले सहा धरून बसलाय. त्याला झोन वगैरे काही लावलेला नाही. सहा म्हणजे सहा.

म्हणजे आता साडेचार तासांचा फरक. बाबांची साडेनऊची वेळ धरायची तर मला पाचला फोन करावा लागेल. पाचला ट्रकांची शेवटची यादी निघते. शक्यच नाही. मॅनेजरला विचारणं म्हणजे तर नकोच, त्याचा चेहरा बघूनच माझी जर्मन भाषा पळून जाते.

आणि एका तासाने काय फरक पडतो? मुंबईत साडेदहाला कोण झोपतं? शिवाय २९ मार्चला घड्याळं परत पुढे जाणार. मार्चमध्ये आपोआप ठीक होईल. विषय संपला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पंधरा दिवस झाले, बाबा एकदाही फोनवर आले नाहीत. रोज झोपलेले. आई रोज विचारते, उठवू? मी रोज म्हणते, नको.

मला आता कळलंय. बाबा रुसलेत. गणपतीचं मनात धरलंय आणि झोपेचं सोंग घेतात. तीस वर्षं साडेतीनला उठणारा माणूस दहाला पेंगतो, हे मलाही ठाऊक आहे, पण रोज? एकही दिवस जागा नाही? आमच्या घरात रुसण्याचा मान बाबांचाच. बरं, मीही त्यांचीच मुलगी. बघू कोण आधी बोलतं.

आईशी दोन मिनिटं. टिक.

३० नोव्हेंबर, रविवार

रेवतीने डोकं खाल्लं. म्हणाली, रविवारी तुला कुठला ट्रक अडवतोय, दुपारी कर की फोन. तिचं तोंड बंद करायला तीनला केला. तिकडे साडेसात. रिमाइंडरशिवाय केलेला पहिला फोन.

बाबांनी उचलला! एका रिंगमध्ये. म्हणाले, काय गो, आज लवकर? पाणी इलां? आवाजात रुसवा वगैरे काही नव्हता. मागे आईचा कुकर वाजत होता. सॉरीचं वाक्य तयार होतं, तीन महिन्यांपासून तयार आहे. तोंडातून निघालं, इथे बर्फ पडलाय. बाबा म्हणाले, मग नळ गोठत असतील, रात्री थोडा सोडून ठेव. मी म्हटलं, हो. मग ते थांबले. मीही थांबले. मग मी म्हटलं, आईला द्या.

दिला.

हे फोनचं माध्यमच वाईट आहे. घाईत अशा गोष्टी बोलायच्या नसतात. शिवाय सहाची शिस्त मोडली की असं होतं. यापुढे सहा म्हणजे सहा. सहाला पुन्हा केला, आई म्हणाली, बाबा झोपले. मला बरं वाटलं. का वाटलं ते लिहीत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

शंभर टिका पूर्ण झाल्या. अ‍ॅपने चांदणी दिली. रेवतीला दाखवली. ती म्हणाली, शंभर दिवसांत तुझ्या बापाशी किती दिवस बोललीस? असे प्रश्न विचारणाऱ्या मुली हिशेबी असतात.

ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीला गेले नाही. साडेपाचला होती. सहाला फोन असतो, असं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना कौतुक वाटलं. एक बाई तर म्हणाली, तुमच्या देशात कुटुंब किती जवळचं असतं. मी मान हलवली. घरी आले, दोन मिनिटं फोन केला, खिडकीत बसले. संध्याकाळ फार मोठी असते इथे. पाचलाच काळोख होतो आणि मग काळोखच काळोख.

१४ जानेवारी २०२६, बुधवार. संक्रांत

ठरवलं होतं, तिळगूळ म्हणायचं आणि त्याच दमात सॉरी. सहाला फोन केला. आई कुजबुजत बोलत होती. म्हणाली, आताच डोळा लागला बघ, दहा मिनिटांपूर्वीपर्यंत बसले होते. मी म्हटलं, कशाला बसले होते? आई म्हणाली, असेच.

बाबांची तब्येत कशी विचारलं. बीपीची गोळी बदललीय म्हणाली. बाकी बरे आहेत.

पाचची वेळ मागायला उद्या मॅनेजरशी बोलणार. नक्की.

१५ जानेवारी, गुरुवार

मॅनेजर सर्दीने घरी. नशीब.

२० जानेवारी, मंगळवार

मॅनेजर आला, पण खोकत होता. आता दोनच महिने राहिले मार्चला. दोन महिन्यांसाठी कोण कोणाच्या पाया पडणार?

३ फेब्रुवारी, मंगळवार

रिमाइंडर वाजला. आधी टिक केली, मग फोन लावला. आईने उचलला नाही. पुन्हा. नाही. बाबांच्या फोनवर लावला, तो शेजारच्या माधुरीकाकूंनी उचलला. म्हणाल्या, घाबरू नको बाळा. कोणी असं म्हटलं की घाबरायचंच असतं.

बाबांना सकाळी अ‍ॅटॅक आला. हृदयाचा नाही, डोक्याचा. पाणी भरायला उठले आणि मोरीतच कलले. उजवी बाजू गेली. वाचा गेली. आई हॉस्पिटलात आहे. मी विचारलं, मला सकाळी का नाही कळवलं? काकू म्हणाल्या, आई म्हणाली, तिचा सहाचा फोन असतो, तेव्हा सांगू, कामात कशाला त्रास.

अ‍ॅपमध्ये बघितलं. आजचं 'पूर्ण' दाखवतंय.

९ फेब्रुवारी, सोमवार. घाटकोपर, भटवाडी

रजेचा अर्ज करायला भीती वाटली नाही. कोणाला काही विचारलं नाही, सांगितलं आणि निघाले.

बाबा अजून वॉर्डात. मला बघून डावा हात उचलला. डोळ्यांत ओळख आहे. बोलायला जातात तेव्हा एकच शब्द येतो: हो. चहा देऊ? हो. चहा नको? हो. डॉक्टरांनी सांगितलं, अशा स्ट्रोकमध्ये समजतं बरंचसं, पण शब्द सापडत नाहीत, हो आणि नाहीसुद्धा उलटसुलट होतं. व्यायामाने थोडं येईल. किती ते कोणी सांगू शकत नाही.

सॉरी म्हणायला खाटेजवळ गेले. बाजूच्या खाटेवरच्या माणसाचे सहा नातेवाईक बसले होते. त्यांच्यासमोर कसं? घरी आणल्यावर.

आज आईबरोबर जेवायला बसले. जेवण दोघींनाही गेलं नाही. आई म्हणाली, तुझ्या फोनसाठी रोज बसायचे गो. पहिले पंधरा दिवस तर साडेनऊपासून. मग सव्वादहाला उठून तोंड धुऊन यायचे, झोप जावी म्हणून. एकदा उभे राहिले, दाराला धरून. साडेदहाला पाचेक मिनिटं असताना मान पडायची. मी उठवायला गेले की तू म्हणायचीस, नको.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? वेळ बदल म्हणून? आई म्हणाली, मी सांगणार होते. ह्यांनी नाही सांगू दिलं. म्हणाले, तिकडे तिची ड्युटी असेल. पाण्याची वेळ चावीवाल्याने ठरवायची, आपण नळाकडे उभं राहायचं.

मी आईला म्हटलं, मला वाटलं रुसलेत. आई म्हणाली, कशावरून? मी म्हटलं, गणपतीवरून. आई म्हणाली, त्यांना तो फोटो मीच दाखवला. त्यांच्या मनात काय आलं ते मला माहीत नाही बाई, बघितला आणि चष्मा पुसला. तूच विचार त्यांना.

मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

१५ फेब्रुवारी, रविवार. घाटकोपर

काल बाबांना घरी आणलं. उद्या पहाटे माझं विमान. दिवसभर माणसं येत होती. जलखात्यातले दोघं आले, बाबांचा हात हातात घेऊन बसले. रात्रीपर्यंत बाबा थकून झोपले. उठवू नको म्हणून आईला मीच सांगितलं आणि माझंच वाक्य माझ्या कानांत वाजलं.

तिकडून फोनवर नीट सांगेन. निवांत.

१८ फेब्रुवारी, बुधवार. लाइपझिग

मॅनेजरकडे गेले. वाक्यं पाठ करून गेले होते. म्हटलं, पाच वाजता रोज पंधरा मिनिटं मला घरी फोन करायचाय, भारतात. त्याने स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, हो, कर ना, यादी साडेपाचला पाठव.

एवढंच. अकरा सेकंद लागले असतील. जिन्यात जाऊन पायरीवर बसले.

जुना रिमाइंडर पुसून टाकला. त्यातल्या टिका आणि चांदणी गेली. कॅलेंडरमध्ये नवीन नोंद केली, रोज, रात्री ९.३०, टाइम झोन कोलकाता. इथे आपोआप १७.०० दिसायला लागलं. हे करायला एक मिनिटही लागलं नाही.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा

महिनाभर रोज पाचला जिन्यातून फोन, आता व्हिडिओवर. आई फोन धरते, बाबा खुर्चीत उशांना टेकून. साडेनऊला पूर्ण जागे असतात. रोज मी बोलते, ते हो म्हणतात. स्पीच थेरपिस्ट बाई आठवड्यातून दोनदा येते, चित्रं दाखवते. नळाच्या चित्राला बाबा 'हो' म्हणाले, पण जोरात म्हणाले, असं आई म्हणाली.

जिन्यात लोक ये-जा करतात. सॉरी म्हणायला ती जागा नाही. आणि आता संध्याकाळी सहाला काहीच नसतं. काल सहाला उगाच फोन हातात घेऊन उभी होते. रेवती म्हणाली, जर्मन क्लासला चल. मी म्हटलं, बघू.

२९ मार्च, रविवार

घड्याळं पुढे गेली. कॅलेंडरमध्ये नोंद आपोआप १८.०० ला सरकली. तिकडे साडेनऊ ते साडेनऊच. मला काही म्हणजे काही करावं लागलं नाही.

घरात एकटी होते, जिना नव्हता, माणसं नव्हती. कारण उरलं नव्हतं. सहाला फोन केला. आईला म्हटलं, फोन त्यांच्या समोर ठेव आणि तू आत जा. आई गेली.

म्हटलं, बाबा, गणपतीला मला रजा मिळाली होती. मी खोटं बोलले. सॉरी. कळलं का? म्हणाले, हो. डोळे नीट माझ्याकडे होते, कळलं असणार.

मग विचारलं, तुम्ही रागावला होतात का माझ्यावर? म्हणाले, हो.

पुन्हा विचारलं, म्हणजे, नव्हता ना रागावलात? म्हणाले, हो. आता राग गेला? हो. अजून आहे? हो. आपला हो चुकतोय हे त्यांनाच कळलं बहुतेक. तोंड वाकडं करून दुसरं काहीतरी काढायचा प्रयत्न करत होते, कपाळावर शीर आली, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. आवाज ऐकून आई बाहेर आली. म्हणाली, पुरे गो बाय, दमले ते.

आईने फोन घेतला. जेवलंस काय, विचारलं. मी सांगितलं, जेवेन.

सहा वाजून बारा मिनिटं. बाहेर लख्ख उजेड आहे, मुलं सायकली चालवतायत. उद्या प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारून बघेन.